कशाच्या आधी?

फ्रेंचच्या वर्गात दर वर्षी एखाद्या वहीत हे वाक्य सापडतंच : ‘जावे व्यू अँ फिल्म इयेर.’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं, ‘मी काल सिनेमा पाहिला होता.’ वाक्यातला शब्दन् शब्द बरोबर आहे. क्रियापदाचं रूप बिनचूक आहे, ‘इयेर’ म्हणजे काल, तेही योग्य जागी आहे. तरी फ्रेंच माणूस हे वाक्य ऐकून गप्प बसतो आणि पुढच्या वाक्याची वाट पाहतो. पुढचं वाक्य आलं नाही तर तो विचारतो, ‘आवाँ क्वा?’ म्हणजे, आधी? कशाच्या आधी?

हा प्रश्न मराठी कानाला पहिल्यांदा कळतच नाही. सिनेमा काल पाहिला, त्यात ‘आधी’चा काय संबंध? पण फ्रेंचच्या ज्या काळाबद्दल हा लेख आहे, त्याचा सगळा अर्थ या एका प्रश्नात साठवलेला आहे. त्याचं नाव ‘प्ल्युस-क-पार्फे’. शब्दशः ‘पूर्णापेक्षाही अधिक’. हे नाव लॅटिन व्याकरणातून आलं. ज्या काळात क्रिया पुरी झालेली असते, तो लॅटिनमध्ये ‘पेर्फेक्तुम’, म्हणजे पूर्ण. आणि ज्या काळात भूतकाळातल्याच एखाद्या क्षणापाशी उभं राहून पाहिलं तरी क्रिया त्याआधीच पुरी झालेली दिसते, तो पूर्णाच्याही पलीकडचा. (या लेखात फ्रेंच वाक्यं देवनागरीत, कानाला ऐकू येतात तशी लिहिली आहेत. उच्चार अर्थातच जवळपासचा आहे.)

एका अक्षराचा फरक

रूपाची बांधणी सोपी आहे. फ्रेंचमधला बोलण्यातला नेहमीचा भूतकाळ, ‘पासे काँपोझे’, दोन तुकड्यांनी बनतो. ‘आव्वार’ (जवळ असणं) किंवा ‘एत्र’ (असणं) या सहायक क्रियापदाचं वर्तमानकाळी रूप पुढे आणि मुख्य क्रियापदाचं धातुसाधित मागे. ‘इल आ माँजे’, तो जेवला. आता सहायक क्रियापद तेवढं मागे सरकवा, वर्तमानातून अपूर्ण भूतकाळात न्या, की झाला प्ल्युस-क-पार्फे : ‘इल आवे माँजे’, तो जेवला होता. ‘आ’चं ‘आवे’ झालं, बाकी सगळं जागच्या जागी. ‘एत्र’ लागणाऱ्या क्रियापदांत ‘ए’चं ‘एते’ होतं : ‘इल ए पार्ती’, तो निघाला, ‘इल एते पार्ती’, तो निघून गेला होता. बोलताना हा फरक जेमतेम एका अक्षराचा आहे, आणि ते अक्षर निसटलं तर गोष्ट बदलते.

कुठल्या क्रियापदाला ‘आव्वार’ आणि कुठल्याला ‘एत्र’, यावर शिकणारे बरेच अडखळतात. मराठी माणसाला इथे घरचाच आधार आहे. आपण ‘ती गेली होती’ म्हणतो, पण ‘तिने चिठ्ठी लिहिली होती’. पहिल्यात क्रियापद कर्त्याच्या मागे जातं, दुसऱ्यात कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या मागे जातं. फ्रेंचमध्येही जाणं, येणं, निघणं, पोचणं, जन्मणं, मरणं अशी मोजकी क्रियापदं ‘एत्र’ घेतात आणि त्यांचं धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं. लिहिणं, खाणं, पाहणं ही ‘आव्वार’ घेतात. मात्र हा आधार अर्ध्या वाटेपर्यंतच पुरतो. झोपणं, चालणं ही आपल्याकडे ‘गेली’च्या पंक्तीतली क्रियापदं, तिकडे मात्र ती ‘आव्वार’च घेतात.

कर्माशी जुळण्याचा नियमही असाच अर्धा ओळखीचा वाटतो. ‘त्याने चिठ्ठी लिहिली होती’ यात आपण चिठ्ठीचं स्त्रीलिंग नेहमी पाळतो. फ्रेंच ते तेव्हाच पाळतं, जेव्हा कर्म क्रियापदाच्या आधी आलेलं असतं. ‘इल आवे एक्री ला लेत्र’, त्याने चिठ्ठी लिहिली होती, इथे काही बदल नाही. पण ‘ला लेत्र किल आवे एक्रीत’, त्याने लिहिलेली ती चिठ्ठी, इथे चिठ्ठी पुढे आली आणि ‘एक्री’चं ‘एक्रीत’ झालं.

स्टेशनवरची तीन वाक्यं

रूप कळलं की अर्थाकडे वळू. त्यासाठी जगभरच्या वर्गांत वापरलं जाणारं स्टेशनचं उदाहरण मला अजूनही सगळ्यांत चांगलं वाटतं. वाक्याचा पहिला भाग कायम ठेवू : ‘काँ ज स्युइ आरिवे आ ला गार’, मी स्टेशनवर पोचलो तेव्हा. आता पुढे गाडीचं काय झालं ते तीन प्रकारे सांगता येतं.

‘ल त्रँ पार्ते.’ गाडी सुटत होती. डबे हलायला लागलेत, धावलो तर कदाचित पकडता येईल.

‘ल त्रँ ए पार्ती.’ गाडी सुटली. मी पोचलो आणि मग ती निघाली. डोळ्यांसमोर निघाली.

‘ल त्रँ एते पार्ती.’ गाडी सुटून गेली होती. फलाट रिकामा. मी पोचलो त्या क्षणी सुटण्याची क्रिया संपलेली होती, मला फक्त तिचा परिणाम दिसला.

तिसऱ्या वाक्यात नेमकं काय घडतं, ते हान्स रायखेनबाख या जर्मनीत जन्मलेल्या तत्त्वज्ञाने 1947 साली प्रसिद्ध झालेल्या तर्कशास्त्रावरच्या पुस्तकात फार स्वच्छ मांडलं. त्याचं म्हणणं असं की काळ समजायला दोन बिंदू पुरत नाहीत, तीन लागतात. एक बोलण्याचा क्षण. दुसरा घटनेचा क्षण. आणि तिसरा, जिथे उभं राहून आपण त्या घटनेकडे पाहतो, तो पाहण्याचा क्षण. साध्या भूतकाळात घटना आणि पाहणं एकाच जागी असतं, आणि ती जागा बोलण्याच्या मागे असते. प्ल्युस-क-पार्फेमध्ये तिन्ही बिंदू सुटे होतात. मी आज बोलतोय, पाहतोय त्या दिवशीच्या फलाटावरून, आणि गाडी सुटली ती त्याच्याही आधी.

आता सुरुवातीच्या वाक्यातली अडचण दिसते. ‘काल सिनेमा पाहिला होता’ यात बोलण्याचा क्षण आहे, घटनेचा क्षण आहे, पण फलाट नाही. ‘जावे व्यू’ म्हणताच ऐकणारा मधला बिंदू शोधू लागतो, आणि तो मिळत नाही म्हणून विचारतो, कशाच्या आधी? नुसतं कालचं सांगायचं असेल तर ‘जे व्यू अँ फिल्म इयेर’ एवढंच म्हणावं.

आपला ‘होता’ आणि त्यांचा ‘आवे’

मग मराठी विद्यार्थ्याच्या हातून ही चूक वारंवार का होते? त्याचं कारण विद्यार्थ्याच्या आळसात नाही, ते मराठीच्या स्वभावात आहे. शाळेत आपण ‘पूर्ण भूतकाळ’ शिकतो : मी आंबा खाल्ला होता. दिसायला हे रूप प्ल्युस-क-पार्फेचं सख्खं भावंडं वाटतं. आणि आधीची घटना दाखवायचं काम ते करतंही. ‘मी पोचलो तेव्हा गाडी सुटली होती’ यात दोन्ही भाषांचं पूर्ण एकमत आहे.

पण मराठीत ‘होता’ आणखी एक काम करतो. ‘पाहुणे आले होते’ म्हटलं की ऐकणाऱ्याला कळतं, आले आणि गेले. ‘पाहुणे आलेत’ म्हटलं तर ते अजून बैठकीत बसलेले आहेत. ‘मी काल पुण्याला गेलो होतो’ म्हणणारा माणूस परत आलेला आहे. म्हणजे आपला ‘होता’ सांगतो की ती स्थिती आता राहिलेली नाही, तो अध्याय मिटला. त्यासाठी त्याला दुसरी कुठली भूतकाळातली घटना लागत नाही, आजचा दिवस पुरतो. फ्रेंच ‘आवे’ला मात्र दुसरी घटना लागतेच. आपण अंतर आजपासून मोजतो, ते दुसऱ्या भूतकाळापासून मोजतात. ‘तुम्ही मागच्या वर्षी फ्रान्सला गेला होतात का?’ हा आपल्याकडचा अगदी साधा प्रश्न आहे. फ्रेंचमध्ये तो साध्या पासे काँपोझेतच विचारायचा.

याच्या उलट, जिथे फ्रेंचला अनेकदा प्ल्युस-क-पार्फे लागतो तिथे मराठीला ‘होता’ लागत नाही, कारण आपल्याकडे ‘ऊन’ आहे. ‘जेवून, भांडी घासून, दिवा मालवून ती झोपली.’ एका वाक्यात चार क्रिया ओळीने लागल्या, आणि कुठली आधी, कुठली नंतर, याबद्दल कुणाला शंका नाही. फ्रेंचमध्ये याच्या जवळ जाणारी रचना आहे : ‘आप्रे आव्वार माँजे’, म्हणजे जेवण झाल्यावर. पण ती एकामागून एक अशी चार वेळा गुंफली तर वाक्य जड होतं. म्हणून आधीचं सांगायचा भार तिथे क्रियापदाच्या काळावर जास्त पडतो.

दिवा कुणी लावला?

गोष्टीत हे कसं चालतं, ते एका छोट्या उताऱ्यावरून पाहू. मी तो वर्गासाठी रचलेला आहे. आधी मराठीत : क्लेर आठ वाजता घरी परतली. दार उघडं होतं. कुणीतरी दिवा लावला होता. टेबलावरची कॉफी प्यायली होती, पण पैशांना हात लावला नव्हता. तिने पोलिसांना फोन केला.

फ्रेंचमध्ये ‘परतली’ आणि ‘फोन केला’ ही दोन क्रियापदं पासे काँपोझेत जातील. ती गोष्टीचा कणा आहेत, गोष्ट त्यांच्यावरून पुढे सरकते. दिवा, कॉफी आणि पैसे ही तीन वाक्यं प्ल्युस-क-पार्फेत जातील : ‘केल्कँ आवे आल्युमे ला लाँप’, ‘ऑन आवे ब्यू ल काफे’ आणि पैशांचं नकारार्थी वाक्य. क्लेरने यांतलं काहीच पाहिलेलं नाही. तिला जळता दिवा दिसला आणि रिकामा कप दिसला. लावणं आणि पिणं या क्रिया तिने मागाहून ताडल्या. तिचं घरात पाऊल पडणं हा इथला फलाट आहे.

आता एकच अक्षर बदलून पाहा. ‘आवे आल्युमे’च्या जागी ‘आ आल्युमे’ लिहिलं, तर क्लेर घरात शिरल्यावर कुणीतरी दिवा लावला असा अर्थ होतो. म्हणजे तो माणूस आत्ता, अंधारात, तिच्यासमोर आहे. ‘आल्युमे’ हेच रूप अपूर्ण भूतकाळाचं म्हणून एकटंच लिहिलं, तर ती शिरली तेव्हा तो दिवा लावत होता. तीन काळ, तीन वेगळ्या गोष्टी. तिघींतल्या एकीतच क्लेर निर्धास्तपणे फोनपर्यंत पोचू शकते.

याच उताऱ्यात एक सापळाही आहे. दाराचं वाक्य फ्रेंचमध्ये ‘ला पोर्त एते उवेर्त’. यात ‘एते’ आहे, धातुसाधित आहे, म्हणजे हाही प्ल्युस-क-पार्फे, असं वाटतं. तसं नाही. उघडणं हे क्रियापद ‘आव्वार’ घेतं, त्यामुळे त्याचा प्ल्युस-क-पार्फे ‘आवे उवेर’ असा होईल. ‘एते उवेर्त’ ही नुसती स्थिती आहे, ‘उवेर्त’ इथे विशेषण आहे. मराठीत हा फरक आपण आपोआप करतो : ‘दार उघडं होतं’ आणि ‘दार उघडलं होतं’. पहिल्यात स्थिती, दुसऱ्यात कुणीतरी केलेली क्रिया. तेव्हा फ्रेंच वाक्यात ‘एते’ दिसला की आधी पाहावं, हे क्रियापद ‘एत्र’ घेणाऱ्यांपैकी आहे का? असेल तर प्ल्युस-क-पार्फे, जसं ‘एते पार्ती’. नसेल तर बहुधा ‘उघडं’, ‘उघडलं’ नव्हे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवायला हवी. प्ल्युस-क-पार्फे एवढंच सांगतो की क्रिया फलाटाच्या आधी घडली. अशा अनेक क्रिया ओळीने आल्या तर त्यांच्या आपसांतल्या क्रमाबद्दल तो स्वतः काही सांगत नाही. दिवा आधी लागला की कॉफी आधी प्यायली गेली? वाचणारा वाक्यांच्या क्रमावरून अंदाज बांधतो, पण खात्री हवी असेल तर ‘दाबोर’ (आधी), ‘प्युइ’ (मग) असे शब्द लागतात. म्हणूनच लांबलचक मागची हकिगत आली की फ्रेंच लेखक सहसा पहिली दोन-तीन वाक्यंच प्ल्युस-क-पार्फेत लिहितात. तेवढ्यात वाचक मागच्या काळात नेऊन पोचवला जातो. मग लेखक साध्या भूतकाळात उतरतो आणि तिथली गोष्ट तिथल्याच क्रमाने पुढे नेतो. परतताना ‘स स्वार ला’, त्या संध्याकाळी, अशी एखादी खूण ठेवतो. नवशिका मात्र पूर्ण पान ‘आवे, आवे, आवे’ने भरतो. प्रत्येक रूप बरोबर असतं आणि गोष्ट जागची हलत नाही.

पुस्तकी कथनात आणखी एक नाव भेटतं. जिथे कथा ‘पासे सँप्ल’ या लिखित भूतकाळात चालते, तिथे ‘तो जेवून उठताच’ अशी लगेचच आधीची क्रिया ‘पासे आँतेरियर’ या वेगळ्या काळात येऊ शकते. वाचताना तो ओळखता आला म्हणजे पुरे, बोलण्यात तो येत नाही. आल्बेर काम्यूने 1942 साली ‘लेत्राँजे’ ही कादंबरी मुख्यतः बोलण्यातल्या पासे काँपोझेत लिहिली, तेव्हा तो साहित्यातला मोठाच बदल मानला गेला. पण कथन कुठल्याही भूतकाळात असो, मागचं मागे ठेवायला प्ल्युस-क-पार्फे दोन्हीकडे लागतो.

रहस्यकथेचा काळ

या काळाचं घर कुठलं असं विचारलं तर मी रहस्यकथा म्हणेन. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने 1966 साली रहस्यकथेच्या प्रकारांवर एक निबंध लिहिला. त्याचं निरीक्षण असं की अशा कथेत दोन कथा असतात. एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पुस्तक उघडतं तेव्हा पहिली संपलेली असते आणि दुसरी सुरू होते. तपास करणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर चालतो, बोलतो, जिने चढतो. खून मात्र आपण पाहिलेला नसतो, तो त्याच्या आधी घडून गेलेला असतो.

हे व्याकरणात आणून पाहा. तपासाची कथा साध्या भूतकाळात चालेल, आणि तिच्यात पुन्हा पुन्हा येणारी गुन्ह्याची कथा प्ल्युस-क-पार्फेत. जॉर्ज सिमनाँ या बेल्जियन लेखकाचा मॅग्रे हा फ्रेंच पोलीस अधिकारी 1931पासून पुस्तकरूपात वाचकांना भेटू लागला. मॅग्रे एखाद्या खोलीत येऊन उभा राहतो तेव्हा तिथे आधी कोण बसलं होतं, कोण निघून गेलं होतं, कुणी काय सांगितलं होतं, याची जुळवाजुळव सुरू होते. फ्रेंच शिकणाऱ्याने अशा कथेची दोन-चार पानं घ्यावीत आणि पेन्सिलीने फक्त ‘आवे’ आणि ‘एते’खाली रेघ मारत जावं. बरीच रेघ गुन्ह्याच्या कथेखाली पडलेली दिसेल.

तो म्हणाला की...

गोष्टीत मराठी माणूस हा काळ जास्त वापरतो. दुसऱ्याचं बोलणं सांगताना मात्र नेमकं उलट होतं, तिथे तो वापरायचा राहतो. कारण पुन्हा मराठीतच आहे. आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं उचलून आणतो. ‘तो म्हणाला, मी सिनेमा पाहिला.’ त्याचा ‘मी’ तसाच, त्याचा ‘पाहिला’ तसाच. वर्तमानपत्री मराठीत ‘पाहिल्याचे सांगितले’ असं लिहितात, तिथे तर काळ दिसतच नाही. म्हणून फ्रेंचमध्ये लिहितानाही ‘तो म्हणाला’ एवढंच भूतकाळात जातं आणि पुढचं वाक्य हलत नाही.

फ्रेंचमध्ये सांगणारं क्रियापद भूतकाळात गेलं की मागचं वाक्यही एक पायरी मागे जातं. वर्तमानकाळ अपूर्ण भूतकाळ होतो. पासे काँपोझे प्ल्युस-क-पार्फे होतो. अपूर्ण भूतकाळ आणि प्ल्युस-क-पार्फे जिथल्या तिथे राहतात. एक जबाब घेऊन हे करून पाहू. क्लेरच्या शेजारणीने पोलिसांना सांगितलं :

‘जे व्यू अँ नॉम. इल पोर्ते अँ माँतो ग्री. इल ए सोर्ती आ मिनुइ. ज ने पा उवेर.’ मी एक माणूस पाहिला. त्याच्या अंगात राखाडी कोट होता. तो मध्यरात्री बाहेर पडला. मी दार उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी अधिकारी अहवाल लिहितो : ‘ला व्वाझीन आ दी केल आवे व्यू अँ नॉम, किल पोर्ते अँ माँतो ग्री, किल एते सोर्ती आ मिनुइ, ए केल नावे पा उवेर.’ चार क्रियापदांपैकी तीन मागे सरकली : ‘जे व्यू’चं ‘आवे व्यू’, ‘ए सोर्ती’चं ‘एते सोर्ती’, ‘ने पा उवेर’चं ‘नावे पा उवेर’. कोट मात्र जागेवरच राहिला. अंगात कोट असणं ही चालू स्थिती आहे, ती आधीपासूनच अपूर्ण भूतकाळात होती. इथे फलाट म्हणजे शेजारणीचं बोलणं. तिने सांगितलं तो क्षण, आणि पाहिलं, बाहेर पडला, उघडलं नाही हे सगळं त्याच्या आधीचं.

काळासोबत दिवसांचे शब्दही हलतात. शेजारणीचा ‘इयेर’, काल, अहवालात ‘ला वेय’ होतो. यासाठी मराठीत अगदी नेमका शब्द आहे, आदल्या दिवशी. तिचं ‘तीन दिवसांपूर्वी’ अहवालात ‘त्याच्या तीन दिवस आधी’ होतं. अहवालात क्रियापदं मागे सरकली पण ‘इयेर’ तसाच राहिला, तर वाचणारा तो दिवस वाचण्याच्या दिवसापासून मोजतो आणि तारीख चुकते.

पायरी विसरली तर किती बिघडतं? कधी थोडं, कधी बरंच. बोलताना फ्रेंच माणसंही ‘तो म्हणाला की त्याने पाहिलं’ असं पायरी न उतरता म्हणताना ऐकू येतात, परिणाम अजून ताजा असेल तर विशेषच. लिखाणात आणि परीक्षेत मात्र ती चूक धरली जाते. पण हे दोन निरोप घ्या. ‘इल आ दी किल पार्ते’ म्हणजे तो म्हणाला, मी निघतोय. ‘इल आ दी किल एते पार्ती’ म्हणजे तो म्हणाला, मी निघालोय, केव्हाच. निरोप घेणाऱ्याने दुसऱ्याच्या जागी पहिला लिहिला, तर वाट पाहणारा माणूस घरीच थांबून राहील.

फ्रेंचच्या या शिस्तीत एक गोष्ट हरवते, तीही सांगायला हवी. ‘मी आजारी आहे’ आणि ‘मी आजारी होतो’ ही दोन वेगळी वाक्यं फ्रेंचमध्ये ‘तो म्हणाला की’च्या मागे गेली की दोन्ही ‘इल एते मालाद’ होतात. बोलला तेव्हा आजारी होता की त्याच्याही आधी, हे संदर्भावरून ठरवावं लागतं. मराठीत बोलणं जसंच्या तसं आणल्यामुळे हा फरक शाबूत राहतो.

बातमी उलटी चालते

फ्रेंच वर्तमानपत्र वाचताना हा काळ पुन्हा पुन्हा भेटतो, कारण बातमी शेवटाकडून सुरू होते. पहिल्या वाक्यात पहाटे अग्निशामक दलाने आग विझवली, हे साध्या भूतकाळात येतं. मग आग मध्यरात्रीच्या सुमारास स्वयंपाकघरात लागली होती, रहिवासी वेळेत बाहेर पडले होते, हे प्ल्युस-क-पार्फेत. मराठी बातमीतही आपण ‘लागली होती’, ‘पडले होते’ असंच लिहितो, इथे दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. फरक एवढाच की प्ल्युस-क-पार्फेत लिहिलेली गोष्ट फ्रेंच वार्ताहर घडलेली म्हणून सांगत असतो. ती अजून सिद्ध झालेली नसेल, तर तो ‘आवे’ सोडून ‘ओरे’ हे संकेतार्थी रूप घेतो : ‘ल फ ओरे प्री’, आग लागली असावी, असं समजतं. आरोपीबद्दल ‘आवे’ लिहायचं की ‘ओरे’, हा तिथे जबाबदारीचा प्रश्न असतो.

एकटा उभा असलेला ‘आवे’

शेवटी अशी वाक्यं पाहू, ज्यांत फलाट दिसत नाही तरी फ्रेंच माणूस ‘कशाच्या आधी?’ असं विचारत नाही. मूल धावताना पडतं आणि आई म्हणते, ‘ज त लावे ब्यँ दी!’ आपली आईही तेच म्हणते, ‘तुला सांगितलं होतं ना!’ इथे दुसरी घटना सांगायची गरजच नाही, ती समोर गुडघा धरून रडते आहे. सांगणं त्या पडण्याच्या आधीचं. किंवा एकदम आठवतं आणि आपण म्हणतो, ‘जावे उब्लिये’, विसरलोच होतो. आठवण्याचा क्षण हाच फलाट.

आणि मला सगळ्यांत आवडणारं वाक्य. दारात उभा असलेला संकोची माणूस म्हणतो, ‘जेते वन्यू वू दमाँदे...’, तुम्हाला एक विचारायला आलो होतो. तो अजून दारातच आहे, गेलेला नाही, तरी स्वतःच्या येण्याला भूतकाळात ढकलतो, म्हणजे समोरच्याला नाही म्हणणं सोपं जावं. मराठी माणूसही नेमकं हेच, याच काळात म्हणतो, ‘जरा विचारायला आलो होतो.’

वर्गात मी हे वाक्य मुद्दाम सांगते. आपल्या ‘होता’मुळे चूक होते हे ऐकून विद्यार्थी त्याला घाबरायला लागतात, आणि मग जिथे तो हवा तिथेही लिहीत नाहीत. घाबरायचं कारण नाही. ‘आवे’ लिहिण्याआधी पेन थांबवावं आणि स्वतःलाच विचारावं, कशाच्या आधी? उत्तर वाक्यात असेल, मागच्या वाक्यात असेल, किंवा समोर गुडघा धरून रडत असेल, तर खुशाल लिहावं. ‘आजच्या आधी’ एवढंच उत्तर येत असेल, तर ‘जे व्यू अँ फिल्म इयेर’.